रिक्रूटरने पोर्टफोलिओच्या लिंक मागितल्या आहेत. संदेशात नेमके काय लिहावे?

मृदुरेषा

नमस्कार मंडळी. मी नागपुरातील एका लहान डिझाइन स्टुडिओत चार वर्षांपासून काम करत आहे. गेल्या महिन्यात पुण्यातील एका कंपनीच्या रिक्रूटरने प्रॉडक्ट डिझायनर पदासाठी माझ्याकडे पोर्टफोलिओच्या लिंक मागितल्या होत्या. मी त्याच संध्याकाळी नऊ लिंक पाठवल्या आणि त्यानंतर एक अक्षरही उत्तर आले नाही. आता दुसऱ्या एका कंपनीकडून तशीच विचारणा झाली आहे. या वेळी घाई न करता आधी आपल्याला विचारावे असे वाटले.

मागचा संदेश इंग्रजीत होता. त्याचा आशय मराठीत असा:

"नमस्कार. आपण संपर्क साधलात याबद्दल आभार. मी चार वर्षांपासून डिझाइन क्षेत्रात असून मला सर्जनशील कामाची मनापासून आवड आहे. माझ्या कामाच्या लिंक खाली देत आहे. संधी मिळाल्यास आनंद होईल."

त्याखाली नऊ लिंक एकाखाली एक होत्या: तीन फिग्माच्या, दोन बिहान्सच्या, दोन गूगल ड्राइव्हच्या, एक इन्स्टाग्रामची आणि एक आम्ही केलेल्या संकेतस्थळाची. माझे काम वाईट नाही अशी माझी खात्री आहे, म्हणून चूक संदेशात आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

गोरेवाडा

ताई, माझा अनुभव सरळ आहे. लिंक कोणी उघडत नाही. सगळे काम एका पीडीएफमध्ये बांधा आणि ईमेलला जोडून पाठवा, म्हणजे समोरच्याला काही उघडायचे कारणच उरत नाही. मी अशीच दोन नोकऱ्या मिळवल्या.

अंबाझरीकाठ

मी आठ वर्षे डिझाइनची टीम सांभाळतो आणि त्या काळात आलेले अर्ज मी स्वतः पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोरेवाडा यांच्या म्हणण्यातला एक भाग बरोबर आहे: पाहणाऱ्याला कमीत कमी कष्ट पडले पाहिजेत. परंतु जिथे लिंक मागितल्या आहेत तिथे फक्त पीडीएफ पाठवली, तर सूचना नीट वाचली नाही असे दिसते. शिवाय जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जाते, म्हणजे पुन्हा आपण तिथेच येतो.

आता आपला संदेश. तो सर्वांत आधी रिक्रूटर वाचते, आणि बहुतेक वेळा फोनवर वाचते. डिझाइन चांगले की वाईट हे ठरवणे तिचे काम नाही. आपण या पदाच्या जवळपास बसता का हे पाहून संदेश पुढे पाठवावा की नाही, एवढाच तिचा निर्णय असतो. पुढे तो माझ्यासारख्याकडे येतो. त्या दिवशी माझ्यापुढे असे पंधरावीस संदेश असतात आणि मी प्रत्येकातली पहिली लिंक उघडतो, दुसरी आवडीनुसार. नऊ लिंकांपैकी आपली सर्वोत्तम कोणती हे मी ओळखावे, अशी अपेक्षा आपल्या संदेशात आहे. ती निवड आपण करायची असते, कारण कोणत्या कामात आपला हात किती होता हे फक्त आपल्यालाच माहीत आहे.

म्हणून पहिला प्रश्न: या नऊ लिंक आपण स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून उघडून पाहिल्या होत्या का? उत्तर न येण्याची कारणे अनेक असतात, पण हे एक कारण आज रात्री तपासता येते. इनकॉग्निटो विंडो उघडा, कुठेही लॉगिन करू नका आणि एकेक लिंक टाकून पाहा. मग तेच मोबाइल डेटावर, दुसऱ्या कोणाच्या फोनवर करा.

इतवारी_प्रेस

मी वयाने मोठा आहे आणि छपाईच्या धंद्यात आहे, त्यामुळे चुकले तर समजून घ्यावे. माझा पुतण्या लग्नपत्रिका आणि मिठाईच्या डब्यांचे डिझाइन करतो. त्यालाही अशीच मागणी आली आहे. त्याने कोरल ड्रॉच्या मूळ फाइली पाठवाव्यात का? मूळ फाइल हातात गेली की कोणीही ती छापून घेईल. आमच्या गल्लीत असे घडले आहे. पाठवण्याआधी थोडी आगाऊ रक्कम मागणे योग्य ठरेल का?

अंबाझरीकाठ

काका, इथे समोरचा माणूस ग्राहक नाही, नोकरी देणाऱ्यांच्या वतीने विचारणारा आहे. तो काम विकत घेत नाही, पाहतो. त्यामुळे रकमेचा प्रश्न येत नाही. मूळ फाइल मात्र कधीही पाठवू नये, आणि ती कोणी मागितलीच तर आपली शंका अगदी योग्य आहे. पत्रिका आणि डबे यांसाठी पुतण्याने छापील वस्तूचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो आणि त्याशेजारी सपाट डिझाइन, असे आठदहा पानांचे पीडीएफ करावे आणि त्याची लिंक द्यावी. डब्याची घडी कशी उलगडते हे एका पानावर दाखवले, तर पाहणाऱ्याला छपाईची जाण लगेच कळते. पॅकेजिंगच्या पदासाठी गोरेवाडा यांचा पीडीएफचा सल्ला लागू पडतो.

इतवारी_प्रेस

समजले. आभारी आहे. फोटो उद्याच काढायला सांगतो.

मृदुरेषा

अंबाझरीकाठ दादा, काल रात्री आपण सांगितल्याप्रमाणे तपासले आणि मला फार वाईट वाटले. नऊपैकी चार लिंकांवर माझे काम दिसतच नाही.

ड्राइव्हच्या दोन्ही लिंकांवर "You need access" असे पान येते. त्या फाइली मी स्टुडिओने दिलेल्या खात्यात ठेवल्या होत्या. फिग्माची एक फाइल फक्त आमच्या टीमपुरती खुली होती. आणि आम्ही केलेले संकेतस्थळ ग्राहकाने दुसऱ्याकडून नव्याने करून घेतले आहे, त्यामुळे तिथे आता दुसऱ्याचेच काम दिसते. इन्स्टाग्रामवर दोनतीन चित्रे दिसल्यावर लॉगिन करा असे येते. महिनाभर मी माझ्या कामाला दोष देत होते.

वेचक_वेधक

मी नागपुरातच रिक्रूटर आहे. डिझाइनची पदे वर्षातून थोडीच भरते, तरी माझ्या बाजूने काय दिसते ते सांगते.

"You need access" आले की त्या पानावर परवानगी मागण्याचे बटण असते. ते दाबले तर तुम्हाला ईमेल जातो, तुम्ही परवानगी देता आणि मला पुन्हा ईमेल येतो. इतके करायला मी थांबत नाही, कारण त्याच वेळी दुसऱ्या उमेदवाराची लिंक उघडलेली असते. हे ऐकायला कठोर वाटेल, पण दिवस तसाच असतो.

दुसरी गोष्ट. मी तुमचा संदेश जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. आमच्याकडे एक तक्ता असतो आणि त्यात पोर्टफोलिओसाठी एकच रकाना असतो. त्यात मी एक लिंक उचलून टाकते आणि शेजारी एक ओळ लिहिते. ती ओळ मला तुमच्या संदेशात तयार मिळाली तर मी तीच टाकते. नाही मिळाली तर "चार वर्षे अनुभव, नागपूर" एवढेच लिहिते. "सर्जनशील कामाची आवड" हे वाक्य मी आजवर तक्त्यात टाकलेले नाही, कारण ते प्रत्येकाच्या संदेशात असते.

लिंक छोटी करणाऱ्या सेवा वापरू नका. कुठे नेणार हे दिसत नसलेली लिंक उघडायला मला भीती वाटते आणि काही कार्यालयांत ती उघडतही नाही. शिवाय लिंकच्या शेवटाला चिकटून पूर्णविराम किंवा कंस टाकू नका. कधी कधी तो लिंकचाच भाग होतो आणि पान सापडत नाही.

गोरेवाडा

मग मी म्हणतो ते खरेच झाले की. लिंक धोका देते, पीडीएफ देत नाही.

वेचक_वेधक

गोरेवाडा, पीडीएफ सोबत जोडली तर मला आनंदच आहे, विशेषतः ती आठदहा एमबीच्या आत असेल तर. पण तक्त्यातल्या रकान्यात फाइल मावत नाही, लिंकच मावते. दोन्ही द्या. फक्त पीडीएफवर विसंबू नका.

रामदासपेठ_९५

मृदुरेषा, फिग्माबद्दल एक सांगायचे आहे, कारण मी स्वतः यात पोळलो आहे. "Anyone with the link" आणि "can view" असे करून मी पूर्ण फाइल पाठवली होती. लिंक व्यवस्थित उघडली. पण त्या फाइलमध्ये डाव्या बाजूला आणखी सहा पाने होती: अर्धवट कल्पना, दुसऱ्या ग्राहकाचा लोगो आणि आमच्या साहेबांनी लाल अक्षरात लिहिलेले शेरे. मुलाखत घेणाऱ्यांनी ते सगळे पाहिले आणि दुसऱ्या ग्राहकाबद्दलच प्रश्न विचारला.

आपण कोणती लिंक पाठवतो आहोत हे पत्त्यावरून कळते. figma.com/design/ असे असेल तर ती काम करण्याची फाइल असते, figma.com/proto/ असे असेल तर एकामागून एक पडदे, म्हणजे स्क्रीन, उलगडत जाणारा प्रोटोटाइप असतो. फोनवर पहिली फाइल म्हणजे एक मोठे मैदान दिसते, कुठे पाहावे ते कळत नाही. म्हणून दुसरी पाठवावी.

अंबाझरीकाठ

रामदासपेठ यांचे म्हणणे योग्य आहे, पण त्यात एक खाच आहे. साध्या शेअरिंगमध्ये परवानगी संपूर्ण फाइलला मिळते. म्हणजे प्रोटोटाइपची लिंक दिली तरी मूळ फाइल पाहण्याची वाट खुलीच राहते. खात्रीचा उपाय असा की स्वतःच्या वैयक्तिक खात्यात एक नवी फाइल करावी, त्यात दाखवायचे तेवढेच पडदे घ्यावेत आणि तिचाच प्रोटोटाइप पाठवावा.

तरीही प्रोटोटाइपला मी पहिल्या क्रमांकाची लिंक मानत नाही. त्यात काय दिसते ते कळते, पण तसे का केले ते कळत नाही. पहिली लिंक केस स्टडीची असावी, जिथे अडचण, केलेले प्रयत्न, टाकून दिलेला पर्याय आणि शेवटचे पडदे एका पानावर खाली खाली वाचता येतात. ती बिहान्सवर असो की स्वतःच्या संकेतस्थळावर, मला फरक पडत नाही.

सदर_बाजार

मला "वैयक्तिक खात्यात नवी फाइल करावी" या सूचनेबद्दल काळजी वाटते. मृदुरेषा अजून त्याच स्टुडिओत आहेत. स्टुडिओच्या खात्यातून काम स्वतःच्या खात्यात हलवणे हेच नोकरीच्या कराराचे उल्लंघन ठरू शकते. माझ्या ओळखीतल्या एकाला यावरून नोटीस आली होती. ताई, आपल्या नेमणूकपत्रात आणि ग्राहकांच्या करारात काय लिहिले आहे ते आधी वाचा.

मृदुरेषा

वाचले. आमच्या करारात असे आहे की प्रसिद्ध झालेले काम स्टुडिओच्या नावाच्या उल्लेखासह दाखवता येते. अप्रसिद्ध काम लेखी परवानगीशिवाय दाखवता येत नाही. माझ्या हातची तीन चांगली कामे अशी आहेत.

पहिले, संत्रा वाहतूकदारांसाठीचे अॅप. कळमना बाजारात गाडी आली की क्रेटची संख्या आणि वजन चालकाला नोंदवावे लागते. आधीच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते आणि चालक ते अर्धवट सोडून कागदाच्या चिठ्ठीकडे वळत. मी मृग बहाराच्या आवकेच्या दिवसांत बाजारात चार सकाळी उभी राहून चालकांशी बोलले. त्यातून कळले की गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव यांसारखे सात रकाने प्रत्येक फेरीला तेच असतात. ते आपोआप भरले जातील असे केले आणि चालकासाठी चारच उरले. हे अॅप प्रसिद्ध झाले आहे.

दुसरे, एका दवाखान्याची मराठी आणि इंग्रजी नोंदणीची पाने. तीही प्रसिद्ध आहेत. तिसरे, कर्जाच्या हप्त्यांचे एक अॅप, जे अजून बाहेर आलेले नाही. माझे सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगले काम तेच आहे, आणि ज्या कंपनीने विचारले आहे ती याच क्षेत्रातली आहे.

रामदासपेठ_९५

तिसऱ्याला पासवर्ड लावा आणि पाठवा. सगळे तसेच करतात. पासवर्ड संदेशातच लिंकखाली लिहा, म्हणजे समोरच्याला विचारावा लागणार नाही.

सदर_बाजार

पासवर्ड लावल्याने परवानगी मिळत नाही. तो फक्त पाहणाऱ्यांची संख्या कमी करतो, आणि इथे पाहणारे नेमके त्या ग्राहकाच्या क्षेत्रातले लोक आहेत. यापेक्षा वाईट जागा दुसरी नाही. स्टुडिओकडे लेखी परवानगी मागावी.

वेचक_वेधक

परवानगी मागायला गेल्या की नोकरी शोधत असल्याचे त्याच दिवशी सर्वांना कळेल. लहान स्टुडिओत ही गोष्ट सोपी नाही. सदर बाजार यांचा सल्ला कायद्याने बरोबर असला तरी ताईंना तो परवडेल का, हे त्याच ठरवू शकतात.

माझ्या बाजूने एवढे नक्की सांगते की "हे काम गोपनीयता कराराखाली आहे, म्हणून लिंक देत नाही" असे वाक्य वाचून मी कोणाला बाद केलेले नाही. उलट आमच्या कंपनीचे कामही ही व्यक्ती उद्या असेच जपेल, असे वाटते.

अंबाझरीकाठ

मीही लिंक न देण्याच्या बाजूने आहे, पण काम पूर्ण लपवूही नये. ग्राहकाचे नाव आणि पडदे न दाखवता, कोणत्या प्रकारचा प्रश्न होता आणि आपली भूमिका काय होती, हे एका वाक्यात लिहावे. आता मसुदा टाका.

मृदुरेषा

मसुदा असा केला आहे. पाठवताना इंग्रजीत असेल. लिंकच्या जागी फक्त शब्द ठेवले आहेत.

"नमस्कार. प्रॉडक्ट डिझायनर पदासाठी आपण मागितलेल्या लिंक पाठवत आहे. वेळ कमी असल्यास फक्त पहिली पाहावी.

संत्रा वाहतूकदारांचे अॅप, केस स्टडी: लिंक
आम्ही अकरा रकान्यांचा फॉर्म चारवर आणला, ज्यामुळे चालकांनी कागदी चिठ्ठी सोडली.

दवाखान्याची दोन भाषांतील नोंदणी पाने, चालता प्रोटोटाइप: लिंक
एकच मांडणी मराठी आणि इंग्रजी मजकुराला पुरेल अशी केली.

कर्जाच्या हप्त्यांशी संबंधित एक काम गोपनीयता कराराखाली असल्याने त्याची लिंक देत नाही.

दोन्ही लिंक लॉगिनशिवाय उघडतात. नोटीसचा काळ दोन महिने आहे."

अंबाझरीकाठ

पुष्कळ चांगला झाला आहे. तीन ठिकाणी बोट ठेवतो.

"आम्ही" काढा. मी वाचतो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न असतो की यातले या व्यक्तीने काय केले. चालकांशी बोलणे आणि फॉर्मची रचना तुमची असेल तर "मी" लिहा, आणि रंगरूप दुसऱ्याचे असेल तर तेही लिहा. मुलाखतीत हे निघतेच आणि तिथे निघण्यापेक्षा इथे निघालेले बरे.

दुसरे, "चालकांनी कागदी चिठ्ठी सोडली" हे आपण स्वतः पाहिले आहे का? मोजले नसेल तर असे विधान करू नका, कारण त्यावरचा पहिलाच प्रश्न "किती चालकांनी?" असा असेल.

तिसरे, हप्त्यांच्या कामाचे वाक्य फारच आखडते आहे. त्यात भूमिका घाला.

मृदुरेषा

मोजले नव्हते. ग्राहकाने फोनवर तसे सांगितले होते, तेवढेच. ते काढते. रंगरूप माझ्या सहकाऱ्याचे आहे, तेही लिहिते. बदललेल्या ओळी अशा:

"चालकांशी बोलून मी अकरा रकान्यांचा फॉर्म चारवर आणला, बाकीचे सात आपोआप भरले जातात. रंगसंगती आणि चित्रे सहकाऱ्याची आहेत.

कर्जाचा हप्ता चुकल्यावर ग्राहकाला काय आणि कसे सांगावे, या प्रश्नावर मी एकटीने दहा महिने काम केले आहे. ते गोपनीयता कराराखाली असल्याने लिंक देत नाही. विचार करण्याच्या पद्धतीबद्दल बोलू शकेन."

वेचक_वेधक

यातली पहिली ओळ मी माझ्या तक्त्यात जशीच्या तशी टाकली असती.

इतवारी_प्रेस

पुतण्याने डब्यांचे फोटो काढले. त्यानेही "हे मी केले, हे छपाईवाल्याने सुचवले" असे वेगळे लिहिले आहे. इथे वाचूनच केले.

मृदुरेषा

मंडळी, संदेश सोमवारी सकाळी पाठवला. पाठवण्याआधी दोन्ही लिंक आईच्या फोनवर उघडून पाहिल्या. बुधवारी उत्तर आले. टीमच्या प्रमुखांनी पहिली केस स्टडी वाचली असून गाडीचा क्रमांक आपोआप भरला जातो, पण चालकाने त्या दिवशी दुसरी गाडी आणली तर काय होते, असे विचारले आहे. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचे उत्तर केस स्टडीत नव्हते, ते आता घातले आहे. शुक्रवारी बोलणे ठरले आहे.

एकच शंका उरली आहे. त्या बोलण्यात त्यांनी हप्त्यांच्या कामाचे पडदे दोन मिनिटे स्क्रीन शेअर करून दाखवा असे म्हटले तर काय करावे?

रामदासपेठ_९५

दाखवावेत असे मला वाटते. लिंक जात नाही, फाइल जात नाही, हातात काही उरत नाही.

सदर_बाजार

दाखवणे ते दाखवणेच. समोरून चित्र टिपून घेतले तर आपल्याला कळणारही नाही. कोऱ्या कागदावर चौकोन काढून समजवा.

अंबाझरीकाठ

मी समोर बसलेला असतो तर कागदावरचे चौकोन मला चालले असते. पण काही जण आग्रह धरतात हेही मी पाहिले आहे. शुक्रवारी काय झाले ते इथे कळवा.